सर्दीनंतर पुन्हा पळायला कधी लागावं? मानेच्या वरचा नियम आणि त्याची हद्द

प्रश्न: सर्दीचा आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी फक्त घसा खवखवला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 100.8 अंश फॅरनहाइटपर्यंत ताप होता, अंग ठणकत होतं, पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेतल्या. शेवटची गोळी काल सकाळी आठला. आता नाक चोंदलंय आणि अधूनमधून खोकला येतो, बाकी ठीक वाटतंय. वय 41, आठवड्याला 30-35 किलोमीटर पळतो. सकाळची नाडी एरवी 58 असते, आज 66 होती. बारा दिवसांनी 10 किलोमीटरची शर्यत आहे. लक्षणं मानेच्या वर असतील तर व्यायाम चालतो असं ऐकलंय. मग आज पळू का?

उत्तर:

आज पळू नका. पंधरा-वीस मिनिटं रमतगमत चालून या. सगळं नीट राहिलं तर परवा हलकं पळून बघता येईल, आणि शर्यतही बहुधा हुकणार नाही. पण तुम्ही नाडीचा आकडा आणि गोळीची वेळ दोन्ही लिहिलंत, ते फार बरं केलंत. तुमचं उत्तर नाकात-घशात सापडत नाही, ते या दोन गोष्टींत आहे.

हा मानेचा नियम आला कुठून ते आधी सांगते, म्हणजे तो कुठपर्यंत ताणायचा हे कळेल. 1993 साली रँडी आयक्नर या अमेरिकन डॉक्टरांनी खेळाडूंसाठी एक सोपी तपासणी सुचवली. नाक वाहणं, शिंका, नाक चोंदणं, घसा खवखवणं एवढंच असेल, म्हणजे सगळं मानेच्या वर असेल, तर निम्म्या जोरावर सुरुवात करायची. दहा मिनिटांत डोकं मोकळं वाटलं तर पुढे जायचं, पावलागणिक डोकं ठणकायला लागलं तर घरी परतायचं. ताप, अंगदुखी, छातीतून येणारा कफ, उलटी, जुलाब यातलं काही असेल तर बूट घालायचेच नाहीत. नियमाचे असे दोन भाग आहेत. लोकांच्या तोंडी फक्त पहिला भाग राहिला, आणि त्यातलीही दहा मिनिटांची चाचणी गळाली.

या नियमाला थोडा प्रयोगाचा आधारही आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठात थॉमस वाइडनर आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, सोडला. 1998 साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात 34 जणांनी दिवसाआड 40 मिनिटं व्यायाम केला आणि 16 जणांनी केला नाही. दहा दिवस लक्षणांची नोंद ठेवली, इतकंच काय, नाक शिंकरलेले कागदी रुमालही वजन करून पाहिले. दोन्ही गटांत सर्दी सारखीच चालली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही. लवकर बरीही झाली नाही, हेही ध्यानात ठेवा. 'घाम काढला की सर्दी पळते' म्हणणारे लोक हा अर्धा भाग सोयीस्कर विसरतात.

व्यायामाचा जोर मात्र माफक होता. विश्रांतीची नाडी आणि कमाल नाडी यांच्यात जे अंतर असतं, त्याच्या 70 टक्क्यांपर्यंत. तुमची विश्रांतीची नाडी 58 आणि कमाल साधारण 180 धरली, तर अंतर 122. त्याचे 70 टक्के म्हणजे 85. ते 58 मध्ये मिळवले की 143. पळताना पूर्ण वाक्य बोलता येतं, असा तो वेग. टेकडीवरचे चढ किंवा घड्याळ लावून मारलेले 400 मीटरचे फेरे त्या प्रयोगात नव्हते. शिवाय विषाणू ठाऊक असलेला होता, सौम्य होता, आणि माणसं तरुण होती. घरी आपल्याला झालेली सर्दी ऱ्हायनोव्हायरसची आहे, इन्फ्लुएन्झाची आहे, कोविडची आहे की आणखी कशाची, हे कोणाला ठाऊक असतं?

इथेच मानेचा खरा अर्थ समजून घ्यायला हवा. मानेपाशी काही जादूची रेघ नाही. संसर्ग नाकाघशाच्या अस्तरापुरता आहे की सगळं शरीर त्यात ओढलं गेलंय, हे घरच्या घरी ओळखायची ती एक ढोबळ खूण आहे. नाक वाहणं ही स्थानिक भानगड. ताप आला, हाडं मोडून आल्यासारखी वाटली, जिना चढताना पाय जड झाले, की भानगड सगळ्या शरीराची झाली. कपाळ तापतं तेही मानेच्या वरच, पण म्हणून ताप 'मानेच्या वरचं लक्षण' होत नाही! हसू नका, असं गंभीरपणे मला सांगणारे भेटलेत. त्यामुळे मी विचारताना प्रश्न उलटा करते. नाक कसं आहे हे शेवटी. आधी ताप, मग अंग, मग नाडी, मग छाती.

तुमच्या तापापासून सुरू करू. ताप उतरून गोळीशिवाय पूर्ण 24 तास जायला हवेत, हा माझा पहिला अडसर. हे 24 तास गोळी घेतली तेव्हापासून मोजायचे नसतात. पॅरासिटामॉलचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. काल सकाळी आठला घेतलेली गोळी दुपारी दोनपर्यंत ताप झाकू शकते. म्हणजे तुमचं घड्याळ काल दुपारी दोनला सुरू झालं आणि आज दुपारी दोनला 24 तास भरतात, तेही मधे ताप मोजला असेल आणि नसेल चढला तर. हात लावून बघणं म्हणजे मोजणं नव्हे. आज दुपारी आणि रात्री, दोनदा थर्मामीटर लावा.

तापात पळू नये यामागची कारणं साधी आहेत. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडी साधारण 8 ते 10 ठोक्यांनी वाढते, म्हणजे हृदय नुसतं बसल्या जागीही जास्त राबत असतं. पळताना स्नायू वेगळी उष्णता तयार करतात, आणि ती बाहेर टाकायची यंत्रणा तापाने आधीच विस्कटलेली असते. घामाने पाणी जातं, तेवढं पिणं होत नाही. स्नायूंची ताकदही तापात घटते, त्यामुळे एरवीच्या वेगाने पळायला जास्त जोर लावावा लागतो.

आणि मग हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची, मायोकार्डायटिसची, धास्ती. साध्या सर्दीत ती फार विरळा. पण सर्दीसारखी सुरुवात करणारे काही विषाणू, कॉक्सॅकी गटातले विशेषतः, हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतात. उंदरांना कॉक्सॅकीचा संसर्ग करून पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणू कितीतरी पटींनी वाढले आणि स्वस्थ ठेवलेल्या उंदरांपेक्षा जास्त उंदीर दगावले. 1979 ते 1992 या काळात स्वीडनमध्ये नकाशा घेऊन रानावनातून धावण्याच्या खेळातले 16 तरुण खेळाडू अकस्मात दगावले, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या स्नायूत सूज सापडली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि ते खेळाडू तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दमणूक करणारे होते. पण तापात पळून मिळणार काय, तर एका दिवसाचा सराव. तो सोडून देणं इतकं स्वस्त आहे की मला यात तोलण्यासारखं काही दिसत नाही.

आता तुमचे 66 ठोके. सकाळची नाडी हे माझं आवडतं मापन, पण ते नीट घेतलं तरच. जाग आल्यावर, लघवीला जाऊन येऊन, पुन्हा पाच मिनिटं आडवं पडून, चहाच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची. हातातलं घड्याळ झोपेतला सगळ्यात कमी आकडा दाखवतं, तो यापेक्षा चार-सहा ठोक्यांनी कमी असू शकतो. म्हणून घड्याळाची तुलना घड्याळाशी आणि बोटांची बोटांशी. तुमचे 58 आणि 66 एकाच पद्धतीचे असतील, तर फरक 8 चा आहे. एकदोन ठोके इकडेतिकडे होतातच. 5 च्या आत असेल तर मी हलका व्यायाम करू देते. 5 ते 10 च्या मधे असेल तर चालणं. 10 च्या वर गेली तर घरात. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, बरीच वर्षं खेळाडूंना बघून बसवलेला माझा अंदाज आहे. अपुरी झोप, आदल्या रात्रीचं मद्य, काळजी यांनीही नाडी वाढते. पण तापानंतरच्या आठवड्यात वाढलेली नाडी मी आजाराच्याच खात्यात टाकते.

नाडी खोटी कधी बोलते? नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या घेतल्या की. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, शिवाय स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिनसारखं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध आणि जोडीला झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध. पहिलं ताप झाकतं, दुसरं नाडी आणि रक्तदाब वाढवू शकतं, तिसऱ्याने पाय गळतात आणि लक्ष उडतं. अशी गोळी पोटात असताना मानेचा नियम लावणं म्हणजे काट्यावर बोट ठेवून वजन करणं. माझ्याकडे एक सायकलपटू यायचे. पन्नाशीच्या आतले, शिस्तीचे. सर्दीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी अशीच गोळी घेतली, तासाभरात नाक मोकळं झालं, अंगदुखी गेली, 'सगळं मानेच्या वर आहे' म्हणून साठ किलोमीटर मारून आले. संध्याकाळी गोळी उतरली तेव्हा ताप 102. हृदयाला काही झालं नाही, ईसीजी आणि रक्ततपासणी दोन्ही ठीक आल्या. पण पुढचे जवळजवळ तीन आठवडे त्यांना पहिल्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागत होती. त्यांनी नियम मोडला नव्हता. औषधाने पुसून टाकलेल्या लक्षणांवर तो लावला होता.

आता खोकला. मानेचा नियम सगळ्यात जास्त फसतो तो इथे, कारण खोकल्याचा आवाज एकाच जागेतून येतो पण उगम दोन ठिकाणी असू शकतो. नाकातला स्राव घशाच्या मागून खाली उतरतो आणि घशाला गुदगुल्या करतो, हा वरचा खोकला. आडवं झालं की तो वाढतो, खाकरलं की बरं वाटतं, सकाळी उठल्या उठल्या जास्त असतो. दुसरा खालचा, श्वासनळ्यांचा. तो ओळखायला एक गोष्ट करून बघा. ताठ उभे राहा, तोंडाने सावकाश पूर्ण श्वास आत घ्या, अगदी शेवटपर्यंत, आणि मग आरशावर वाफ धरायची असते तसा जोराने 'हाऽऽ' करून सोडा. असं तीनदा. श्वास पूर्ण भरताच उबळ आली, छातीच्या मधल्या हाडामागे जळजळ किंवा खरखर जाणवली, श्वास सोडताना शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तर खोकला मानेखालचा धरा, नाक कितीही वाहत असलं तरी. काहीच झालं नाही तर बहुधा वरचा. ही काही छातीचा एक्स-रे काढण्याच्या तोडीची तपासणी नाही, पण उद्या पळायचं की नाही एवढं ठरवायला पुरते.

खालचा खोकला असताना जोरात पळण्यात अडचण कसली? बसल्या जागी आपण मिनिटाला पाच-सहा लिटर हवा आतबाहेर करतो. जोरात पळताना हाच आकडा शंभराच्या घरात जातो, आणि ती बहुतेक हवा तोंडाने जाते. नाक हवा गरम, ओली आणि स्वच्छ करून देतं, ती पायरीच गळते. संसर्गाने सोललेल्या श्वासनळ्यांवर कोरडी हवा आदळली की त्या आकसतात. याची खूण मोठी मजेशीर आहे. पळताना फारसं काही होत नाही, आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकल्याची ढास लागते. म्हणून पहिल्या दिवशी पळून आल्यावर लगेच आंघोळीला पळू नका. पंधरा मिनिटं बसा आणि स्वतःकडे लक्ष द्या. तेव्हा ढास लागली तर तुमच्या श्वासनळ्या अजून चिडलेल्या आहेत. हा चिडचिडेपणा सर्दी गेल्यावरही काही आठवडे रेंगाळू शकतो. दमा असलेल्यांनी या काळात आपल्या डॉक्टरांनी सांगितलेला इन्हेलर सोडू नये, आणि वेगाचा सराव सगळ्यात शेवटी सुरू करावा.

तुमच्यापुरतं मी हे असं मांडेन. आज पाचवा दिवस. ताप दोनदा मोजा, चाला, लवकर झोपा. उद्या सहाव्या दिवशी नाडी साधारण 63 पर्यंत आली आणि ताप नसला, तर अर्धा तास सपाटीवर चाला. फरक नेमका पाचाचा आहे, पण ताप जाऊन एकच दिवस झालेला असेल, म्हणून पळणं नाही. सातव्या दिवशी 60-61 असेल, 'हाऽऽ' करून छाती शांत असेल, तर बूट घाला. पहिली दहा मिनिटं एरवीच्या हलक्या वेगाहूनही निम्म्या जोरावर. किलोमीटरला सहा मिनिटं हा तुमचा निवांत वेग असेल तर साडेसात-आठ मिनिटांचा, म्हणजे शेजारून कोणी भराभर चालत गेलं तर लाज वाटेल असा. दहाव्या मिनिटाला थांबा, नाडी बघा. या वेगाला एरवी 120 असते आणि आज 140 दाखवतेय, डोकं ठणकतंय, पाय शिशाचे झालेत, यातलं एक जरी असलं तरी चालत घरी. नसेल तर आणखी दहा मिनिटं तशीच. एकूण वीस मिनिटं, आणि मुद्दाम सांगते, बरं वाटलं म्हणून एकविसावं मिनिट नाही.

खरा निकाल त्या दिवशी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. आठव्या दिवशी उठताना नाडी पुन्हा 66, घसा पुन्हा दुखतोय, दुपारी डुलकी आवरत नाही, असं झालं तर सातव्या दिवसाची चाल फसली असं धरायचं आणि दोन दिवस मागे यायचं. काहीच झालं नाही तरी आठवा दिवस चालण्याचाच ठेवा. नवव्या दिवशी 30 मिनिटं निवांत, अकराव्या दिवशी 40. असे लागोपाठ दोन सराव दुसऱ्या सकाळच्या तक्रारीशिवाय पचले, की मग तेराव्या दिवशी 40 मिनिटांच्या मधे एकेका मिनिटाचे चार थोडे वेगवान तुकडे घाला, प्रत्येकाच्या मधे दोन मिनिटं हळू. जिममध्ये वजनं उचलत असाल तर त्यालाही हाच क्रम, फक्त सुरुवात एरवीच्या निम्म्या वजनाने आणि श्वास न कोंडता.

या वेळापत्रकात मी ताप नसलेल्या साध्या सर्दीवाल्याला एवढं थांबवलं नसतं. नुसतं नाक वाहत असतं, नाडी जागेवर असती, तर दुसऱ्या दिवशीच त्या निम्म्या जोराच्या दहा मिनिटांसाठी सोडलं असतं. फक्त माणसांपासून दूर. आजारी असताना बंद जिममध्ये जाऊन हँडलवर नाक पुसलेला हात ठेवणं हा तुमच्या प्रकृतीचा प्रश्न नाही, पण शेजारच्या माणसाच्या प्रकृतीचा आहे. आणि पोहणं नाक-कान मोकळे होईपर्यंत नकोच. कान दडलेले असताना पाण्याखाली गेलं की कानात चांगलीच कळ येते.

घसा इतका दुखतोय की गिळवत नाही, मानेत गाठी आल्यात, आठवडाभर ग्लानी आहे, असं असेल तर मात्र मानेचा नियम बाजूला ठेवून डॉक्टरांना घसा दाखवा. विशेषतः कॉलेजच्या वयात. ग्रंथिज्वर म्हणजे मोनो असेल, तर पोटातली प्लीहा सुजलेली असते. किमान तीन आठवडे, आणि मग डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत, धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजनं बंद ठेवावी लागतात, नाहीतर प्लीहा फाटण्याचा धोका असतो. घसा मानेत आहे की मानेच्या वर, हा वाद तिथे निरर्थक ठरतो.

आणि पुन्हा सुरू केल्यावर कधीही छातीत दुखलं किंवा दडपण आलं, एरवीच्या मानाने विचित्र दम लागला, धडधड होऊन ठोके चुकल्यासारखे वाटले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून दामटू नका. त्याच दिवशी तपासून घ्या. बसल्या जागीही दुखणं थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर थेट तातडीच्या विभागात. ईसीजी आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी, गरज पडली तर सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. मायोकार्डायटिस ठरलाच तर स्पर्धात्मक खेळ साधारण तीन ते सहा महिने बंद राहतो, म्हणून तो अंदाजाने ठरवायचा विषय नाही.

शर्यत तुमच्या सतराव्या दिवशी येते. तेराव्या दिवसाचे ते चार वेगवान तुकडे नीट गेले आणि चौदाव्या-पंधराव्या दिवशी सकाळची नाडी 60 च्या आसपास राहिली, तर उतरा. पण वेळेचा आकडा डोक्यातून काढा. आठवड्याचे 30-35 किलोमीटर दोन आठवडे जवळजवळ गेलेच आहेत, तेव्हा पहिले पाच किलोमीटर एरवीच्या शर्यतीहून किलोमीटरमागे 20-30 सेकंद हळू धरा, आणि उरलेल्या पाचांचं काय करायचं ते पाचव्या किलोमीटरच्या खांबापाशी ठरवा. तेरावा दिवस बिघडला, किंवा खोकल्याची ढास तोवर थांबली नसेल, तर नाव मागे घ्या. तीन आठवडे उलटूनही खोकला तसाच राहिला तर एकदा छाती तपासून घ्या, आणि जाताना सकाळच्या नाडीची वही बरोबर न्या.